विरजण लागू द्या!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

दुधाला विरजण लावल्यावर आपण ते भांडं कोपऱ्यात ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. दही लागलं का, हे दर तासाला ढवळून पाहणाऱ्याच्या वाट्याला दही येत नाही. घरातली ही साधी गोष्ट मला आज एका नव्या व्यवहाराच्या संदर्भात सांगायची आहे. घरगुती पदार्थ करणारे, कपडे शिवणारे, शिकवण्या घेणारे असे असंख्य छोटे उद्योजक हल्ली फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात करतात. दिवसाचे हजारभर रुपये घालतात, सकाळ-संध्याकाळ मोबाइल उघडून आकडे पाहतात, आणि आकडा खाली गेला की जाहिरातीत काही तरी बदलतात. काही आठवड्यांनी त्यांची तक्रार असते, ‘सगळं करून पाहिलं, पण जाहिरात चालत नाही.’ अनेकदा दुखणं नेमकं त्या ‘सगळं करून पाहिलं’मध्येच असतं. ते कसं, हे आज पाहू.

आधी ही जाहिरात दाखवली कशी जाते, हे समजून घेऊ. वर्तमानपत्रात आपण जागा विकत घेतो आणि तो अंक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला जाहिरात दिसते. फेसबुकवर तसं नसतं. एखाद्या माणसानं मोबाइल उघडला की त्याला कोणती जाहिरात दाखवायची, याचा तिथल्या तिथे लिलाव होतो. त्या लिलावात जास्त पैसे लावणारा जिंकतोच असं नाही. बोलीची रक्कम गुणिले ‘हा माणूस आपल्याला हवी ती कृती करील’ याचा अंदाज, अधिक जाहिरातीचा दर्जा, अशी बेरीज केली जाते आणि ज्याची बेरीज मोठी त्याची जाहिरात दिसते. आपल्याला हवी ती कृती म्हणजे बहुतेक वेळा खरेदी.

या बेरजेतला कळीचा भाग आहे तो अंदाज. समोरचा माणूस आपला पदार्थ घेईल ही शक्यता हजारात एक आहे की दहा हजारांत एक, हे यंत्रणेला ठरवायचं असतं. जाहिरात नवी असताना तिच्याजवळ या जाहिरातीचा काहीच अनुभव नसतो. म्हणून ती चाचपडते. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या सवयींच्या माणसांना, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाहिरात दाखवून पाहते. कोणी घेतलं, कोणी नुसतं पाहून सोडून दिलं, यावरून अंदाज सुधारत नेते. या चाचपडण्याच्या काळाला ‘लर्निंग फेज’ म्हणतात. आपण त्याला शिकण्याचा काळ म्हणू. या काळात खर्च साधारणपणे जास्त येतो आणि आकडे वरखाली होतात. याची कल्पना फेसबुकची मालक कंपनी मेटा स्वतःच जाहिरातदारांना देते.

हा काळ संपतो केव्हा? मेटानं दिलेला ठोकताळा असा आहे, की शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती कृती घडली, की यंत्रणेचा हात स्थिरावतो. तोपर्यंत जाहिरातीसमोर `Learning` ही अक्षरं दिसतात, नंतर तिथे `Active` येतं. या वाक्यातले ‘शेवटच्या मोठ्या बदलानंतर’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. आपण मोठा बदल केला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला हिशेब खरा आहे. सोलापूरच्या एक ताई शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा संच कुरिअरनं पाठवतात. किंमत ७०० रुपये. कच्चा माल, मजुरी, डबा आणि कुरिअर वजा जाता त्यांच्या हातात २५० रुपये उरतात, आणि त्यातूनच जाहिरातीचा खर्च करायचा आहे. त्यांनी रोजचे १,०५० रुपये ठरवले. सुरुवातीला एका मागणीमागे जाहिरातीचा खर्च १५० रुपये येतो असं धरू. म्हणजे रोजच्या सरासरी ७ मागण्या झाल्या आणि आठवड्याच्या ४९. पन्नासाचा ठोकताळा गाठायला हे पैसे जेमतेम पुरेसे आहेत.

जाहिरात सोमवारी सुरू झाली. सोमवारी ५ मागण्या आल्या, मंगळवारी ८, बुधवारी ३. गुरुवारी सकाळी ताईंनी हिशेब केला. बुधवारी १,०५० रुपयांत ३ मागण्या, म्हणजे एकीला ३५० रुपये पडले! हातात उरतात २५०, तेव्हा हा सरळ तोटा. त्यांनी घाईनं डब्याचा फोटो काढून चटणीच्या वाटीचा टाकला. गुरुवारी ७ आणि शुक्रवारी ९ मागण्या आल्या. फोटोचा दोष होता अशी त्यांची खात्री पटली. हुरूप आला, म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी जाहिरात फक्त पुण्या-मुंबईपुरती केली. शनिवारी ६, रविवारी १०, सोमवारी ८. आता तर घोडं गंगेत न्हालं असं वाटून मंगळवारी त्यांनी रोजची रक्कम १,०५० वरून ३,००० वर नेली. आणि मागणीमागचा खर्च एकदम वाढला.

या आठ दिवसांची बेरीज करून पाहा. मागण्या ५६, खर्च ८,४००, म्हणजे मागणीमागे बरोबर १५० रुपये. गणितात काहीच बिघडलेलं नव्हतं. जाहिरात तशीच ठेवली असती, तर इतक्या मागण्यांवर तिचा शिकण्याचा काळ एव्हाना संपत आला असता. प्रत्यक्षात मोजणी झाली ती अशी : पहिल्या तीन दिवसांत १६ आणि मग शून्य, पुढच्या दोन दिवसांत १६ आणि पुन्हा शून्य, त्यापुढच्या तीन दिवसांत २४ आणि पुन्हा शून्य. ५६ मागण्या पदरात पडूनही यंत्रणा पहिल्याच इयत्तेत राहिली.

आधीचा सगळा अनुभव वाया जातो, असं मात्र नाही. खात्याचा जुना इतिहास, आधीच्या ग्राहकांची नोंद, हे शिल्लक असतं. पण ‘हा फोटो, या लोकांसमोर, एवढ्या पैशांत’ हा जो नेमका अंदाज बसत आलेला असतो, तो फोटो बदलल्यावर तसाच लागू पडेल याची खात्री यंत्रणेला उरत नाही. म्हणून ती पुन्हा चाचपडू लागते, आणि त्या चाचपडण्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

ते किती जातात? समजा, शिकून झाल्यावर मागणीमागचा खर्च १५० वरून १२० वर आला. दोन आठवड्यांचा एकूण खर्च १४,७०० रुपये. सतत बदल करत राहिलेल्या ताईंना १५० च्या दरानं ९८ मागण्या मिळतील. हात न लावणाऱ्या ताईंना पहिल्या आठवड्यात ४९ आणि दुसऱ्या आठवड्यात ६१ अशा ११० मागण्या मिळतील. बारा मागण्यांचा फरक, म्हणजे ३,००० रुपये. छोट्या घरगुती उद्योगाला पंधरवड्यात ही रक्कम लहान नाही.

आता बुधवारच्या त्या तीन मागण्यांकडे वळू, कारण घाबरगुंडीचं मूळ तिथे आहे. रोजची सरासरी ७ म्हणजे रोज सातच मागण्या येतील, असं नव्हे. पावसाळ्यात महिन्याची सरासरी गाठली जाते, पण रोज सारखाच पाऊस पडत नाही, तसंच हे आहे. सरासरी ७ असताना निव्वळ योगायोगानं ३ किंवा त्याहून कमी मागण्यांचा दिवस साधारण बारा दिवसांतून एकदा येतो. १० किंवा त्याहून जास्त मागण्यांचा दिवस सहा दिवसांतून एकदा येतो. संभाव्यतेच्या गणितातून हे काढता येतं. याच हिशेबानं, शंभर आठवडे घेतले तर त्यांतल्या सुमारे ४५ आठवड्यांत असा एक तरी पडेल दिवस असतोच. काहीही बिघडलेलं नसताना! तेव्हा एका दिवसाचा आकडा पाहून निर्णय घेणारा माणूस जवळजवळ दर दुसऱ्या आठवड्याला विनाकारण घाबरणार, हे ठरलेलं आहे.

या योगायोगाचा आणखी एक खेळ आहे. आपण बदल केव्हा करतो? दिवस फार वाईट गेला की. आणि फार वाईट दिवसानंतरचा दिवस, आपण काहीही केलं नाही तरी, बहुधा त्याहून बरा जातो, कारण आकडा सरासरीकडे परत येतो. म्हणून प्रत्येक बदल गुणकारी वाटतो. ताईंना वाटलं, वाटीच्या फोटोनं सात मागण्या आणल्या. जुन्या डब्याच्या फोटोवरही तेवढ्याच आल्या असत्या. म्हणजे पैशांबरोबर ज्ञानही गेलं. तीन बदल करूनही, कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला, हे ताईंना सांगता येणार नाही.

दुसरं कारण नोंदीच्या पद्धतीचं आहे. लोक जाहिरात पाहिल्याबरोबर खरेदी करतात असं नाही. बुधवारी जाहिरात पाहून कुणी दुकानाचं पान उघडतं, घरी विचारतं आणि शनिवारी पैसे भरतं. मेटाच्या तक्त्यात ही शनिवारची खरेदी ज्या दिवशी जाहिरात पाहिली त्या दिवसाच्या, म्हणजे बुधवारच्या, रकान्यात चढते. सर्वसाधारण मांडणीत जाहिरातीवर बोट लावल्यापासून सात दिवसांच्या आतली खरेदी अशी धरली जाते. परिणामी कालचा आकडा नेहमीच अर्धवट असतो. गुरुवारी सकाळी बुधवारकडे पाहणं म्हणजे मतमोजणीची पहिली फेरी संपताच निकाल जाहीर करण्यासारखं आहे.

मग ‘मोठा बदल’ कशाला म्हणायचं? जाहिरात कोणाला दाखवायची ते बदलणं, मग ते वय असो, गाव असो वा आवड. जाहिरातीचा फोटो, व्हिडिओ किंवा मजकूर यांत काहीही फेरफार करणं. त्याच गटात नवी जाहिरात घालणं. खरेदीऐवजी दुसरी कृती उद्दिष्ट म्हणून निवडणं. बोलीची पद्धत बदलणं. आणि जाहिरात सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद ठेवून पुन्हा सुरू करणं. यांपैकी कशानंही मोजणी शून्यावर येते. मजकुरातली वेलांटी दुरुस्त करणं हाही मजकुरातला फेरफारच, म्हणून शुद्धलेखन जाहिरात सुरू करण्याआधी तपासावं. जाहिरातीला आपल्या सोयीसाठी दिलेलं नाव बदललं तर मात्र काही होत नाही.

रोजची रक्कम बदलण्याचं थोडं वेगळं आहे. तिथे बदल किती मोठा, याला महत्त्व. १,०५० चे १,१०० केले तर बहुधा काही बिघडत नाही, १,०५० चे एकदम ३,००० केले तर शिकणं पुन्हा सुरू होऊ शकतं. या धंद्यातले बरेच लोक एका वेळी विसेक टक्क्यांहून जास्त वाढ करत नाहीत आणि दोन वाढींत काही दिवस जाऊ देतात. हा आकडा कंपनीचा नियम नाही, अनुभवातून रुळलेला संकेत आहे. पण त्याच्यामागचा विचार बरोबर आहे.

‘म्हणजे पैसे जळत असतानाही हातावर हात ठेवून बसायचं का?’ असं कोणी विचारील. मुळीच नाही. काही प्रसंगी ताबडतोब हात घालावाच लागतो. जाहिरातीत किंमत चुकली आहे, बटण दाबल्यावर भलतंच पान उघडतं, माल संपला आहे, असं असेल तर शिकण्याच्या काळाची पर्वा करू नये. चुकीचं शिकवण्यापेक्षा शिकवणी थांबलेली बरी.

त्याहून फसवा प्रसंग म्हणजे खरेदीची नोंदच नीट न होणं. आपल्या दुकानाच्या पानावर ‘पिक्सेल’ नावाची एक छोटी आज्ञावली बसवलेली असते, ती प्रत्येक खरेदीची वर्दी मेटाला देते. ती बसवताना गडबड झाली, तर खरेदी होऊनही वर्दी जात नाही किंवा एकाच खरेदीची दोनदा जाते. मग यंत्रणा चुकीच्या धड्यावर शिकत राहते. हे ओळखायचं कसं? आपल्या वहीतल्या जाहिरातीवरून आलेल्या मागण्या आणि तक्त्यातले आकडे शेजारी ठेवावेत. थोडा फरक असतोच. पण वहीत ७ आणि तक्त्यात १४, किंवा वहीत ७ आणि तक्त्यात शून्य दिसलं, तर आधी पिक्सेल तपासावा. फोटोला दोष देऊ नये.

एकही मागणी आली नाही तर किती थांबावं, याचंही गणित मांडता येतं. अपेक्षित खर्च मागणीमागे १५० रुपये आहे. त्याच्या तिप्पट, म्हणजे ४५० रुपये खर्चून एकही मागणी आली नाही, तर ते निव्वळ योगायोगानं होण्याची शक्यता शंभरात पाच आहे. पाचपट, म्हणजे ७५० रुपये गेले आणि तरी शून्य, तर ती शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते. तेव्हा पहिल्या ३०० रुपयांवर घाबरू नये. सुरुवातीचा दर चढा असतो आणि नोंद उशिरा चढते, हे धरून दोन-तीन दिवस द्यावेत. त्यानंतरही पाटी कोरी असेल, तर स्वतः ग्राहक होऊन दुकानाच्या पानावरून मागणी नोंदवून पाहावी. दोष बऱ्याचदा तिथे सापडतो. पैसे भरायचं बटण चालत नसतं, नाही तर कुरिअरचा खर्च शेवटी अचानक वाढलेला दिसतो.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. नुसता धीर धरून सगळं जमतं असं नाही. ताईंनी रोजचे ३०० रुपयेच ठेवले असते, तर दिवसाला दोन, आठवड्याला १४ मागण्या आल्या असत्या. पन्नास कधीच झाल्या नसत्या. अशा वेळी समोर `Learning limited` अशी अक्षरं येतात. याचा अर्थ, आहे त्या मांडणीत शिकणं पुरं होण्याइतक्या घटना घडण्याची चिन्हं नाहीत. दुधाच्या मानानं विरजणच कमी पडलेलं असतं. तिथे महिनाभर वाट पाहूनही उपयोग नाही.

हे होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे थोड्या पैशांची फार वाटणी. पुण्यासाठी वेगळा गट, मुंबईसाठी वेगळा, नाशिकसाठी वेगळा, असे १,०५० रुपयांचे तीन वाटे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात सोळा-सतरा मागण्या येतात आणि तिन्ही गट अर्धशिक्षित राहतात. कारण शिकण्याची मोजणी प्रत्येक गटाची, म्हणजे ‘अ‍ॅड सेट’ची, वेगळी होते. हेच तीन गट एकत्र केले, की पन्नासाच्या जवळ जाता येतं. दुसरा उपाय म्हणजे खरेदीच्या आधीची, जास्त वेळा घडणारी कृती निवडणं, उदाहरणार्थ वस्तू टोपलीत टाकणं. पण त्यात एक धोका आहे. यंत्रणा मग टोपली भरणारी माणसं शोधते, आणि टोपली भरणारा प्रत्येक जण पैसे भरत नाही. म्हणून गट एकत्र करता येत असतील तर ते आधी करावं. आणि ती अक्षरं दिसत असतानाही मागण्या परवडणाऱ्या दरात येत असतील, तर अक्षरांपायी चालतं गाडं मोडू नये. आपल्याला चटणी विकायची आहे, हिरवा ठिपका मिळवायचा नाही.

आणि एक मर्यादा. शिकण्याचा काळ संपल्यानं वाईट जाहिरात चांगली होत नाही. लोकांना पदार्थच नको असेल किंवा किंमत परवडत नसेल, तर यंत्रणा एवढंच शिकते, की गिऱ्हाईक नाही. आठवडाभर हात न लावण्याचा फायदा हा, की त्या आठवड्याच्या शेवटी मिळालेलं उत्तर, होकार असो वा नकार, भरवशाचं असतं. नकार आला तर निःशंक मनानं जाहिरात बंद करता येते.

तेव्हा व्यवहारात काय करावं? जाहिरात सुरू करण्याआधीच आठवडाभर न बदलता चालेल एवढी रक्कम बाजूला काढावी, आणि अपेक्षित खर्चाच्या मानानं त्यात साधारण पन्नास मागण्या बसतात का, ते पाहावं. दोन-तीन फोटो वापरून पाहायचे असतील तर ते पहिल्याच दिवशी एकत्र घालावेत, मधेच एकेक घालू नये. रोज पाहायचंच असेल, तर दुकानाचं पान उघडतंय का, माल शिल्लक आहे का, वही आणि तक्ता जुळतात का, एवढंच पाहावं. मनात येणारे बदल लगेच करू नयेत, वहीत लिहून ठेवावेत. आठवड्यानंतर, शेवटचे दोन-तीन अर्धवट दिवस बाजूला ठेवून, एकूण खर्चाला एकूण मागण्यांनी भागावं. बदल करायचा ठरलाच, तर लिहून ठेवलेल्यांपैकी जे गरजेचे वाटतील ते सगळे एकाच बैठकीत करावेत, म्हणजे मोजणी एकदाच शून्यावर येईल. कोणत्या बदलानं काय झालं हेच जाणून घ्यायचं असेल, तर मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा आठवडा द्यावा. ही दोन उद्दिष्टं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

गूगलवरच्या जाहिरातींतही बोलीची पद्धत बदलली की `Learning` ही अक्षरं दिसतात. तिथले नियम तपशिलात निराळे आहेत, पण मोजक्या घटनांवरून शिकणाऱ्या यंत्राची अडचण तीच आहे. ताईंच्या वहीत त्या गुरुवारी सकाळी एवढीच नोंद असायला हवी होती : ‘बुधवार, मागण्या ३. फोटो बदलावा का? सोमवारी पाहू.’ सोमवारी त्यांना तो प्रश्न बहुधा पडलाच नसता.